उद्घाटनाआधीचे सहा आठवडे

२७ मार्च २००८ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचे पाचवे टर्मिनल प्रवाशांसाठी उघडले. इमारत नवी होती, बॅगा वाहून नेणारी यंत्रणाही नवी होती. तिथे कामाला आलेले ब्रिटिश एअरवेजचे कर्मचारी मात्र जुनेजाणते होते. तरी पहिल्या सकाळी त्यांतल्या कित्येकांना गाडी कुठे लावायची हेच कळेना. जे आत पोचले ते कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा तपासणीत अडकले आणि काहींना बॅगांच्या संगणकप्रणालीत लॉगिन करता येईना. पट्ट्यांवर सामान तुंबले, काही विमाने बॅगा न घेताच उडाली आणि त्या दिवशी ३४ उड्डाणे रद्द करावी लागली. पुढे ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर कंपनीचे प्रमुख विली वॉल्श यांनी मान्य केले, की बांधकाम लांबल्यामुळे चाचण्यांच्या वेळेला कात्री लागली होती.

याच शहरात सोळा वर्षांपूर्वी याहून गंभीर प्रकार घडला होता. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडन रुग्णवाहिका सेवेने फोनवरची माहिती कागदावर टिपण्याची पद्धत बंद करून गाड्या पाठवण्याचे काम संगणकावर सोपवले. दुसऱ्या दिवशी त्यांना अर्धवट जुन्या पद्धतीकडे परतावे लागले. सॉफ्टवेअरमध्ये दोष होतेच. पण चौकशी अहवालात प्रशिक्षणाबद्दलही एक नोंद आहे. प्रणाली मुळात त्या वर्षीच्या जानेवारीत सुरू व्हायची होती, त्या बेताने बरेचसे प्रशिक्षण आधीच उरकले गेले. तारीख पुढे सरकत गेली आणि प्रत्यक्ष सुरुवात झाली तोवर लोक शिकलेले विसरून गेले होते. त्यात नियंत्रण कक्षातल्या बसण्याच्या जागाही बदललेल्या. प्रशिक्षण झाले नव्हते असे कुणी म्हणू शकत नव्हते. हजेरीपत्रकावर सह्या होत्या.

या हजेरीपत्रकानेच बहुतेक ठिकाणी घात होतो. नवी प्रणाली घेणाऱ्या संस्थेत ‘ट्रेनिंग झालं का?’ या प्रश्नाला ‘हो, सगळ्यांचं झालं’ असे उत्तर येते आणि विषय तिथेच संपतो. किती जणांना आता कुणाला न विचारता काम करता येते, हा प्रश्न कुणी विचारत नाही. हा दुसरा प्रश्न मनात धरून आखणी केली तर वेळापत्रक, साहित्य आणि तपासणी या तिन्हींचे रूप बदलते. ते कसे, हे पाहण्यासाठी आपल्या ओळखीची जागा घेऊ. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी मुख्य कार्यालय आणि सहा शाखा असलेली नागरी सहकारी बँक आहे. ती जुने बँकिंग सॉफ्टवेअर सोडून नवे घेते आहे. कर्मचारी ५८. त्यांत १४ कॅशियर, काउंटरवरचे २२ लिपिक, व्हाउचर पास करणारे १२ अधिकारी, सहा शाखाधिकारी आणि मुख्य कार्यालयातले चौघे.

सगळ्यात आधी तारीख ठरवायची. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते, त्यामुळे शनिवार-रविवारी जुनी खाती नव्या प्रणालीत हलवून सोमवारी काउंटर उघडणे सोयीचे. चौथ्या शनिवारनंतरचा सोमवार महिनाअखेरीला टेकतो आणि लगेच पगार-पेन्शनची गर्दी येते. दुसऱ्या शनिवारनंतरचा सोमवार त्या मानाने निवांत. मार्च तर नकोच, तिमाही संपते ते महिनेही नकोत. या बँकेने जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारनंतरचा सोमवार धरला असे मानू. बाकीचे सगळे दिवस या सोमवारपासून मागे मोजत यायचे.

मागे किती जायचे? साधारण सहा आठवडे, पण सगळ्यांसाठी नाही. सहाव्या आठवड्यात फक्त सहा जण शिकतात, प्रत्येक शाखेतला एक. हे लोक शाखाधिकारी असायची गरज नाही, किंबहुना नसलेले बरे. ज्याच्याकडे बाकीचे आपोआप अडचण घेऊन जातात असा एखादा लिपिक किंवा कॅशियर प्रत्येक शाखेत असतोच, तो निवडायचा. हे सहा जण नव्या प्रणालीच्या चाचणीतही बसतात, त्यामुळे ती कुठे अडते हे त्यांना पुरवठादाराच्या माणसाआधी कळते. बाकीच्यांचे प्रशिक्षण सुरुवातीच्या आधीच्या चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या आठवड्यात. शेवटचा आठवडा मोकळा ठेवायचा. तो मोकळा का, हे पुढे येईल.

आता आकडेमोड. मुख्य कार्यालयातल्या खोलीत आठ संगणक मांडले. एका संगणकावर एकच माणूस, ही अट मोडायची नाही. दोघे बसले की एकाचा हात माउसवर राहतो आणि दुसरा मान डोलावतो. एक सत्र तीन तासांचे. कॅशियरला दोन सत्रे पुरतात. लिपिक आणि अधिकाऱ्यांना प्रत्येकी तीन लागतात. शाखाधिकारी आणि मुख्य कार्यालयातल्या मंडळींना अहवाल पाहण्यासाठी एक. चौदा कॅशियरच्या दोन तुकड्या म्हणजे चार सत्रे. लिपिकांच्या तीन तुकड्यांची नऊ, अधिकाऱ्यांच्या दोन तुकड्यांची सहा, उरलेल्यांची दोन. एकूण एकवीस. सकाळी एक, दुपारी एक असे धरले तर आठवड्यात दहा सत्रे होतात, म्हणजे दोन आठवडे आणि वर एक दिवस. तिसऱ्या आठवड्याचे उरलेले दिवस लग्न, ताप, मुलाची परीक्षा अशा कारणांनी चुकलेल्यांसाठी. एका शाखेतून एका वेळी दोघांपेक्षा जास्त उचलायचे नाहीत, म्हणजे काउंटर चालू राहतो. गणित फार अवघड नाही. पण ते न करताच ‘दोन दिवसांत उरकून टाकू’ असे ठरवले, की साठ माणसे एका सभागृहात प्रोजेक्टरकडे बघत बसतात.

स्मरणशक्तीबद्दल एक जुना प्रयोग अशा वेळी नेहमी सांगितला जातो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. त्यांनी पाठ केली होती ती निरर्थक अक्षरे. काउंटरवरचे काम त्याहून अर्थपूर्ण असते, त्यामुळे त्यांचे आकडे इथे जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही. दिशा मात्र खरी आहे. चार आठवड्यांपूर्वी शिकलेल्याला मधल्या काळात हात चालवायला मिळाला नाही तर पहिल्या सोमवारी तो नवखाच असतो. म्हणून सत्र संपल्यावर प्रत्येकाला आपल्या शाखेतून सरावाच्या प्रणालीत शिरता आले पाहिजे आणि रोज वीस मिनिटे सराव हे त्याच्या कामातच धरले पाहिजे. सुरुवातीची तारीख दोन-तीन आठवड्यांहून जास्त पुढे गेली, तर उजळणीचे एक सत्र सगळ्यांना पुन्हा द्यायचे. ही तरतूद योजनेत आधीच लिहून ठेवावी, कारण तारीख सरकते तेव्हा सगळ्यांचे डोके दुसरीकडेच असते.

सरावाची प्रणाली म्हणजे खऱ्या प्रणालीची वेगळी प्रत. तिच्यात ग्राहकांची खरी नावे, आधार क्रमांक आणि फोन नंबर असता कामा नयेत. ते बदलून टाकायचे. पडद्याचा रंग उठून दिसेल इतका वेगळा ठेवायचा, नाहीतर कुणीतरी खऱ्या ग्राहकाचे पैसे सरावाच्या खात्यात जमा करतो आणि संध्याकाळी रोकड जुळत नाही. आणखी एक गोष्ट अनुभवी प्रशिक्षकच सांगतात. सरावासाठी खाती भरपूर हवीत, आणि प्रत्येकाची वेगळी. एका ठेवीवर पहिल्या तुकडीने मुदतीपूर्वी मोडण्याचा सराव केला की ती ठेव बंद होते. दुपारच्या तुकडीला मोडायला काही उरत नाही आणि तिचे तीन तास ‘हे असं होईल’ एवढे ऐकण्यात जातात. प्रत्येकाच्या हातात आपापल्या पाच-सहा खात्यांचा कागद द्यायचा आणि रोज रात्री प्रणाली मूळ स्थितीत आणायची.

साहित्याचे म्हणाल तर पुरवठादार एक जाडजूड पुस्तिका देतो. तिच्यात मेनूच्या क्रमाने सगळे काही असते. ती कपाटात राहते. काउंटरवर उपयोगी पडतो तो एका कामाचा एक कागद, लॅमिनेट केलेला, मॉनिटरच्या शेजारी उभा राहील असा. लिपिकाला असे बारा-पंधरा कागद पुरतात. मुदतीपूर्वी ठेव मोडण्याचा कागद उदाहरणादाखल पाहू.

वर कामाचे नाव, त्याखाली प्रणालीची आवृत्ती आणि कागदाची तारीख. मग क्रम. पावतीचा क्रमांक टाका, पडद्यावरची सही आणि समोरची सही ताडून पाहा. ठेवीवर कर्ज आहे का ते पाहा. असेल तर इथेच थांबा आणि अधिकाऱ्याकडे पाठवा. प्रणाली लागू व्याजदर दाखवेल तो वाचा. रक्कम बचत खात्यात वळती करा. आयकर कायद्यानुसार २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेची ठेव रोखीने परत करता येत नाही. नोंद अधिकाऱ्याच्या यादीत गेली का ते पाहा. अधिकाऱ्याने पास केल्यावरच ग्राहकाला ‘झालं’ म्हणून सांगा.

कागदाच्या शेवटी एक चौकट, ‘ग्राहक काय विचारेल?’ अशी. समजा, दोन वर्षांसाठी साडेसात टक्क्यांनी ठेवलेले पैसे एका वर्षाने मोडले. ठेव ठेवली तेव्हा एका वर्षाचा दर सात टक्के होता आणि बँक मुदतपूर्व मोडणीबद्दल एक टक्का कापते. मग मिळणार सहा टक्के. गणित प्रणाली करते, पण काउंटरपलीकडच्या आजोबांना ते समजावते माणूस. शिवाय प्रणालीत दर चुकीचा भरला गेला असेल तर ते पहिल्यांदा ओळखू शकतो तोही हा लिपिकच. कागदावरची चित्रे अंतिम आवृत्तीतलीच हवीत. कागदात बटण डावीकडे आणि पडद्यावर उजवीकडे असे एकदा जरी दिसले, की लोक सगळे कागद बाजूला सारतात आणि शेजारच्याला विचारू लागतात. म्हणून प्रणालीतले बदल थांबवण्याची एक तारीख पुरवठादाराकडून लिहून घ्यायची आणि छपाई त्यानंतरच करायची.

आता तपासणी. सत्राच्या शेवटी चार पर्यायांचे वीस प्रश्न देणे सोपे असते, निकालही छान लागतो आणि त्यातून फारसे काही कळत नाही. ‘रोकड जमा करण्याचा मेनू कोणता?’ याचे उत्तर बरोबर देणारा कॅशियर समोर रांग असताना गडबडू शकतो. खरी तपासणी म्हणजे सरावाच्या प्रणालीत काम करून दाखवणे. प्रत्येक पदासाठी सहा कामे काढायची, त्यांतली तीन-चार अशी की ती आलीच पाहिजेत. कॅशियरला रोकड घेणे, देणे, दिवसअखेर रोकड जुळवणे आणि चुकीची नोंद उलटवणे. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. ५०,००० ऐवजी ५,००० टाकले गेले आणि एंटर दाबून झाले, आता काय? प्रशिक्षणात सगळे बरोबर करून दाखवतात, त्यामुळे चुकल्यावर परत कसे यायचे हे कुणी शिकवतच नाही. पहिल्या सोमवारी मात्र निम्मी धावपळ त्यापायीच होते.

तपासणाऱ्याने मागे उभे राहून सूचना द्यायच्या नाहीत. निर्णय माणसाच्या चेहऱ्यावरच्या आत्मविश्वासावर न करता खात्यात अखेर दिसणाऱ्या शिलकेवर करायचा. मदत न घेता, ठरलेल्या वेळेत, शिल्लक बरोबर, तर उत्तीर्ण. न जमल्यास दोन-तीन दिवसांनी पुन्हा, नुसत्या अडलेल्या कामाची. खऱ्या प्रणालीचा पासवर्ड मिळणार तो तपासणी पार केल्यावरच, हे आधीपासून सगळ्यांना माहीत असावे. यात कुणाची बदनामी नको. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या कॅशियरला सगळ्यांदेखत परीक्षा दिल्यासारखे वाटले, तर तो आजारपणाची रजा टाकेल. त्याची तपासणी त्याच्या शाखेत, त्याच्या टेबलावर घेता येते.

निकाल वाचतानाही डोळे उघडे हवेत. चौदापैकी नऊ कॅशियर एकाच कामात अडकले तर दोष कॅशियरांचा नाही. पडदा गोंधळाचा आहे, कागद चुकला आहे किंवा शिकवणाऱ्याने तो भाग घाईत उरकला आहे. उलट प्रत्येक जण वेगवेगळ्या ठिकाणी अडला असेल तर सराव कमी पडला.

सर्वांत फसवा आकडा म्हणजे एकूण टक्केवारी. ५८ पैकी ५३ उत्तीर्ण म्हणजे ९१ टक्के. संचालक मंडळासमोर हा आकडा झोकात ठेवता येतो. पण उरलेले पाच कुठे बसतात? बँकेत लिपिक नोंद करतो आणि अधिकारी ती पास करतो, एकाच माणसाला दोन्ही करता येत नाही. बारा अधिकारी सहा शाखांत, म्हणजे शाखेमागे दोन. त्या पाचांत एकाच शाखेचे दोन्ही अधिकारी असले, तर तिथे सोमवारी एकही व्यवहार पूर्ण होणार नाही, भले लिपिक सगळे तरबेज असोत. दोघांतला एकच तयार असेल तर तो जेवायला उठला की काउंटर थांबतो. म्हणून कसोटी शाखेनुसार ठरवायची: दोन्ही अधिकारी, किमान दोन कॅशियर, तीन लिपिक. एकाही शाखेत हे भरत नसेल तर तिथे दुसऱ्या शाखेतला तयार अधिकारी काही दिवसांसाठी पाठवायचा किंवा तारीख पुढे ढकलायची. हा निर्णय कोण घेणार, त्याचे नावही योजनेत हवे, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

शेवटचा मोकळा आठवडा याचसाठी. फेरतपासणी त्यात होते आणि त्याला लागून आधीच्या रविवारी रंगीत तालीम. सहाही शाखा उघडायच्या, मुख्य कार्यालयातली माणसे आणि काही संचालक ग्राहक म्हणून स्लिपा घेऊन रांगेत उभे राहणार. कुणाची सही जुळणार नाही, कुणी फाटकी नोट देणार, कुणी वारसदार म्हणून येणार. सकाळी दिवस सुरू करण्यापासून ते संध्याकाळी रोकड जुळवून दिवस बंद करण्यापर्यंत सगळे खऱ्यासारखे. हीथ्रोला नडले त्यातले बरेच अशा दिवशी सापडते. पासबुकाचा प्रिंटर दोन ओळी वर छापतो, एका शाखेत इंटरनेटची दुसरी लाइन चालत नाही, तिघांचे लॉगिन उघडतच नाही. हे वर्गात कधीच दिसत नाही, कारण वर्गातले संगणक दुसरे असतात. तालमीच्या दिवसाची बदली रजा कर्मचाऱ्यांना आधीच जाहीर करावी. रविवारी फुकट बोलावलेली माणसे मन लावून काम करत नाहीत, आणि का करावे?

आपल्याकडे असा सराव प्रत्येक निवडणुकीत हजारो शिक्षक आणि सरकारी कर्मचारी करतात. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घ्यायचे, यंत्रातला निकाल ताडायचा, मग ती मते पुसायची आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून टाकायच्या. काम येते की नाही हे त्याच जागी, त्याच यंत्रावर, साक्षीदारांसमोर सिद्ध होते. ही मते पुसायची राहून गेली तर मोजणीच्या दिवशी काय गोंधळ होतो, हे निवडणुकीचे काम केलेल्या कुणालाही विचारावे. बँकेतही तालीम संपल्यावर सरावाच्या नोंदी खऱ्या प्रणालीत शिल्लक नाहीत ना, हे एका नेमलेल्या माणसाने पाहून सही करायची असते.

सोमवार उजाडतो. सहाही शाखांतले ते निवडलेले सहा जण त्या आठवड्यात काउंटरवर बसत नाहीत. उभे राहून फक्त मदत करतात. काउंटरचा वेग पहिले काही दिवस निम्म्यावर येणार हे गृहीत धरून आठवडाभर आधी ग्राहकांना सूचना लावायची. ‘सिस्टीम नवीन आहे, थोडं थांबा काका’ हे वाक्य कमी वेळा म्हणावे लागते. प्रत्येक अडचण एका वहीत, वेळेसह. संध्याकाळी सहाही वह्या एकत्र वाचल्या, की उद्या सकाळी दहा मिनिटांत काय सांगायचे ते ठरते आणि कुठला कागद बदलायचा तेही.

एक मोह टाळायचा राहतो. पुरवठादाराचा माणूस आलाच आहे तर सगळेच शिकून घेऊ, असे व्यवस्थापनाला वाटते आणि डिसेंबरमध्येच लोकांना तिमाही व्याज आकारणी, टीडीएस, थकीत कर्जांचे वर्गीकरण, वार्षिक ताळेबंद हे सगळे शिकवले जाते. पहिल्या सोमवारी यातले काहीच लागत नाही, आणि लागेल तेव्हा ते आठवणार नाही. सुरुवातीआधी फक्त पहिल्या पंधरवड्यात करावी लागणारी कामे शिकवावीत. महिनाअखेरीचे सत्र जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात आणि वर्षअखेरीचे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच खोलीत, त्याच आठ संगणकांवर. पुरवठादाराशी करार करतानाच या दोन सत्रांचे दिवस त्यात घालून घ्यावेत. सही झाल्यावर त्यांचे वेगळे बिल येते.